रात्री साडेबाराचा ‘उद्या’

रविवार संपून सोमवार लागला होता. रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटं. तालुक्याच्या गावातल्या एका डायलिसिस सेंटरच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर निरोप आला: ‘मॅडम, उद्या ७ ला गाडी नाही. बाबांना आणता येणार नाही. दुपारी जमेल का?’

सकाळी ९ वाजता रिसेप्शनवरच्या ताईंनी फोन हातात घेतला. निरोपावर तारीख सोमवारची आणि मजकुरात ‘उद्या’. त्यांनी सरळ मंगळवार धरला आणि उत्तर पाठवलं, ‘काकांचा मंगळवारी नंबरच नाहीये.’ मुलाच्या लेखी मात्र अजून रविवारची रात्र चालू होती. झोपायच्या आधी लिहिलेला ‘उद्या’ म्हणजे उजाडल्यावरचा दिवस, मग घड्याळात बारा वाजून गेलेले का असेनात. ताईंनी उत्तर लिहिलं तेव्हा सकाळची शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाले होते आणि काकांसाठी साडेसहाला तयार केलेलं मशीन रिकामं उभं होतं. टेक्निशियनने पावणेआठपर्यंत वाट पाहिली, दोनदा फोन लावला, तो लागला नाही. दुपारच्या शिफ्टमध्ये जागा होती, पण ती साडेआठला दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. काकांचं डायलिसिस झालं ते मंगळवारी संध्याकाळी, शुक्रवारनंतर चौथ्या दिवशी.

मुलाने वेळेत कळवलं होतं. ताईंनी कामावर आल्याआल्या वाचलं होतं. तरीही निरोप ज्याला हवा होता त्याला, हवा तेव्हा मिळाला नाही. दवाखाने, लॅब, ट्रस्टची सेंटरं अशा ठिकाणी निरोपांची व्यवस्था लावून देणं हे माझं काम आहे, आणि या सेंटरची व्यवस्थाही मीच लावली होती. म्हणून ती मला पुन्हा पहिल्यापासून लावावीशी वाटली.

ऑफिसची वेळ ठरवणं हे वरवर पाहता दोन आकडे भरण्याचं काम आहे: उघडण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ. या सेंटरला ते दोन आकडे पुरे पडत नव्हते. आठ मशीन, दिवसाला तीन शिफ्ट: सकाळी ७ ते ११, दुपारी १२ ते ४, संध्याकाळी ५ ते ९. मधला एकेक तास मशीन निर्जंतुक करून पुढच्या रुग्णासाठी तयार करायचा. रिसेप्शन मात्र ९ ते ६. म्हणजे सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात इमारत उघडी असते, टेक्निशियन आणि सिस्टर हजर असतात, पण निरोप वाचणारं कुणी नसतं. माझ्या जुन्या मांडणीत हा सगळा वेळ ‘बंद’ या एकाच खात्यात जात होता. संध्याकाळी सातला कुणी विचारलं, ‘आईचं संपायला किती वेळ लागेल, न्यायला येतो,’ तर त्याला ‘आमचं कार्यालय बंद आहे’ असं उत्तर जायचं, आणि त्याची आई तेव्हा आत मशीनवर असायची.

म्हणून दोनाऐवजी तीन अवस्था केल्या. रिसेप्शन चालू असेल तर निरोप ताईंकडे. फक्त मशीन चालू असतील तर वॉर्डातल्या टॅबवर. दोन्ही बंद असेल तरच रात्रीचा नियम. एवढ्या एका बदलाने रात्रीच्या रांगेत साचणारे निरोप निम्म्याच्याही खाली आले, कारण त्यातले बरेचसे मुळात रात्रीचे नव्हतेच.

आता रविवारच्या रात्रीबद्दल. सेंटर रविवारी बंद असतं. कुठल्याही ऑफिसच्या हिशोबात रविवारची रात्र सगळ्यांत शांत, आणि तिच्यासाठी वेगळं काही ठरवावं असं कुणाच्या मनात येत नाही. डायलिसिसच्या रुग्णाचं वेळापत्रक वेगळं असतं. ज्यांचं आठवड्यातून तीनदा होतं त्यातल्या काहींचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार असतात, बाकीच्यांचे मंगळवार, गुरुवार, शनिवार. मूत्रपिंडं काम करत नसल्याने दोन डायलिसिसच्या मधे शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं. आठवड्यात दोनदा हे साठवण दोन दिवसांत उतरतं, पण शुक्रवार ते सोमवार, किंवा शनिवार ते मंगळवार, मधे एक दिवस जास्त जातो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०११ साली अमेरिकेतल्या सुमारे ३२ हजार रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या लांबलेल्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूचं आणि हृदयविकाराने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे आपल्या सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या गटासाठी रविवारची रात्र हीच अवघड रात्र. आठवड्यातून दोनदाच येणाऱ्यांचं अंतर तर याहून मोठं असतं. आपण सुट्टी म्हणून ज्या वेळी सगळं बंद करतो, नेमकी त्याच वेळी दम लागल्याचा निरोप येण्याची शक्यता जास्त असते. हे कळल्यावर मला रात्रीच्या व्यवस्थेची सुरुवात तातडीच्या निरोपापासून करावी लागली.

आधी काय होतं ते सांगतो. फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमध्ये कामाच्या वेळेबाहेर आपोआप उत्तर पाठवण्याची सोय असते. ती आम्ही चालू केली होती आणि मजकूर होता: ‘आपला संदेश मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.’ या सोयीला फोन चालू आणि इंटरनेटशी जोडलेला असावा लागतो. आमचा फोन रात्री ड्रॉवरमध्ये असे, कधी चार्जिंग संपून बंद पडलेला. मग पाठवणाऱ्याला एकच टिक दिसे आणि उत्तर येतच नसे. तरी ते एकवेळ बरं, एका टिकवरून माणूस समजतो की निरोप पोचला नाही, आणि दुसरं दार ठोठावतो.

खरा घोळ ‘लवकरच’ या शब्दाने केला. एका रात्री अकराच्या सुमारास एका रुग्णाच्या सुनेने लिहिलं की सासऱ्यांना झोपल्यावर दम लागतोय, उठून बसल्यावर बरं वाटतं. तिला ताबडतोब उत्तर आलं, ‘लवकरच संपर्क साधू.’ ती वाट पाहत बसली. पहाटे चारला शेजाऱ्यांच्या गाडीतून सासऱ्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. ते बचावले. नंतर ती मला म्हणाली, ‘दादा, उत्तर आलं नसतं ना, तर मी अकरालाच गाडी बोलावली असती.’ त्या वाक्यानंतर मी ‘लवकरच’ हा शब्द कुठल्याही पोचपावतीत लिहिलेला नाही.

रात्रीच्या पोचेत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: हा निरोप अजून माणसाने पाहिलेला नाही, माणूस तो अमुक वाजता पाहील, आणि तोवर थांबण्यासारखं नसेल तर काय करायचं. आमचा आताचा मजकूर असा आहे:

‘सेंटर आता बंद आहे. हा निरोप अजून कुणी वाचलेला नाही. सकाळी ६:३० ला वाचला जाईल. दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा फिस्टुलातून रक्त येत असेल तर उत्तराची वाट पाहू नका. रक्त येत असेल तिथे बोटाने घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.’

‘६:३०’ हा आकडा प्रोग्रॅम स्वतः भरतो. पुढची शिफ्ट कधी आहे ते पाहून तो वार आणि वेळ लिहितो. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर तीही त्यात येते.

मजकुराखाली तीन बटणं आहेत: ‘आत्ताच मदत हवी’, ‘शिफ्ट बदलायची’, ‘सकाळी बोलू’. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अशी तीनच बटणं देता येतात आणि प्रत्येकावर वीसच अक्षरं मावतात, त्यामुळे मजकूर तोलूनमापून लिहावा लागतो. सुरुवातीला मी बटणांऐवजी शब्द ओळखून निरोप वाटण्याचा प्रयत्न केला होता: ‘रक्त’, ‘दम’, ‘श्वास’ दिसलं की तातडीचं. तो आठवडाभरही टिकला नाही. लोक dam lagtoy लिहितात, dum laagtay लिहितात, ‘रक्ताचा रिपोर्ट कधी मिळेल’ असंही लिहितात, आणि खरोखर घाबरलेला माणूस टाइप करत नाही, तो बोलून पाठवतो. आवाजी निरोपातला शब्द आमच्या प्रोग्रॅमला दिसत नव्हता. निरोप तातडीचा आहे की नाही हे पाठवणाऱ्याला सगळ्यांत चांगलं माहीत असतं, तेव्हा ते त्यालाच विचारलेलं बरं.

‘आत्ताच मदत हवी’ दाबलं की पुढचा प्रवास निरोपाचा राहत नाही, फोनचा होतो. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या टेक्निशियनला आपोआप कॉल जातो आणि रुग्णाचं नाव व नंबर ऐकवला जातो. त्याने फोनवर १ दाबला तर ‘मी बघतो’ असा अर्थ. तीन मिनिटांत दाबला नाही तर कॉल दुसऱ्या माणसाकडे, मग सेंटरच्या डॉक्टरांकडे. कॉलच का, मेसेज का नाही, तर रात्री फोन सायलेंटवर असतो आणि मेसेजने कुणी उठत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ठरावीक नंबराला सायलेंटमध्येही वाजू देण्याची सोय असते. कॉल ज्या नंबरवरून येतो तो नंबर तिघांच्याही फोनवर तिथे नोंदवला आहे. घरच्यांनाही लगेच कळवलं जातं की दहा मिनिटांत फोन आला नाही तर आमच्यासाठी थांबू नका. काही जण रिपोर्टसाठीही हे बटण दाबतात. टेक्निशियनची झोपमोड होते, ते खरं आहे, आणि म्हणूनच ही ड्युटी आठवड्याने बदलते आणि तिचा वेगळा भत्ता मिळतो. भत्ता नसता तर दोन महिन्यांत फोन उचलले जाणं बंद झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोच एका माणसाला एका रात्रीत एकदाच जाते. आपले लोक एक निरोप तुकड्यातुकड्याने लिहितात: ‘नमस्कार’, मग ‘मॅडम’, मग ‘उद्याचं विचारायचं होतं’, मग रिपोर्टचा फोटो. प्रत्येक तुकड्याला तीच लांब पोच गेली तर चौथ्या वेळी माणूस ती वाचत नाही, आणि त्याच न वाचलेल्या मजकुरात १०८ असतो. बटण दाबण्यावर मात्र ही मर्यादा नाही. ते पहाटे तीनलाही पुन्हा चालतं.

सुट्ट्यांचा भाग सगळ्यांत किचकट निघाला. नेहमीच्या आठवड्याचं एक वेळापत्रक असतं, आणि त्यावर मात करणारी खास तारखांची एक यादी असते. प्रोग्रॅमने आधी खास यादी पाहायची, तिथे ती तारीख नसेल तरच आठवड्याचं वेळापत्रक धरायचं. माझी पहिली आवृत्ती अशी होती:

```python
IST = ZoneInfo("Asia/Kolkata")

def state(ts):
    t = datetime.fromtimestamp(ts, IST)
    day = SPECIAL.get(t.date()) or WEEKLY[t.weekday()]
    for start, end, name in day:
        if start <= t.time() < end:
            return name
    return "closed"
```

२०२५ च्या धुळवडीला, १४ मार्चच्या शुक्रवारी, सेंटर पूर्ण बंद होतं. शुक्रवारचे रुग्ण गुरुवारी रात्री जादा शिफ्टमध्ये घेतले होते. खास यादीत ती तारीख होती आणि तिच्यापुढे उघड्या वेळांची यादी रिकामी होती, म्हणजे दिवसभर बंद. तरी त्या दिवशी प्रोग्रॅम नेहमीच्या शुक्रवारसारखा वागला आणि निरोप वॉर्डातल्या टॅबवर पाठवत राहिला. टॅब कुलपात होता. दोष त्या `or` मध्ये होता. डबा रिकामा असणं आणि डबाच नसणं या दोन गोष्टींत `or` फरक करत नाही. रिकामी यादी दिसली की तो ‘इथे काही नाही’ समजून पुढच्या वेळापत्रकाकडे जातो. अर्धवेळ सुट्टी असलेल्या दिवशी हा दोष दिसतच नाही, कारण तेव्हा यादीत काहीतरी असतं. तो दिसतो फक्त पूर्ण बंदच्या दिवशी, आणि तेव्हा तो पाहायला कुणी नसतं. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```python
day = SPECIAL.get(t.date(), WEEKLY[t.weekday()])
```

त्याच वर्षीच्या दिवाळीत दुसरी गोष्ट समजली. इंटरनेटवरून उतरवलेल्या सुट्ट्यांच्या तयार यादीत दिवाळी २० ऑक्टोबरला होती. केंद्र सरकारच्या यादीतही दिवाळी त्याच सोमवारी होती. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी मंगळवारी, २१ तारखेला होती. त्याआधी सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ऐनवेळी ५ वरून ८ तारखेला नेली गेली, आणि बाकी जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. म्हणजे सुट्टी राज्यागणिकच नाही, जिल्ह्यागणिकही वेगळी असू शकते आणि दोन-तीन दिवस आधी बदलू शकते. तयार यादीवर विसंबणं तेव्हापासून सोडलं. आता दर महिन्याच्या २५ तारखेला ताई आणि मुख्य टेक्निशियन शेजारी बसून पुढच्या महिन्याची खास यादी हाताने भरतात. पंधरा मिनिटं लागतात.

आणि ते दोघं एकत्र बसणं महत्त्वाचं, कारण इथे सुट्टी एक नसते, दोन असतात. रिसेप्शनला दिवाळीचे तीन दिवस सुट्टी देता येते. मशीनला देता येत नाही, कारण तीन दिवस डायलिसिसशिवाय काढणं बहुतेक रुग्णांना झेपणारं नाही. त्या दिवाळीत असं ठरलं की लक्ष्मीपूजनाच्या मंगळवारी सकाळची आणि दुपारची शिफ्ट चालेल, आणि संध्याकाळच्या शिफ्टचे रुग्ण आदल्या रात्री, सोमवारी ९:३० ते १:३० या वेळात घेतले जातील. कागदावर हे नीट दिसतं. वरच्या प्रोग्रॅमला मात्र ‘२१:३० पासून ०१:३० पर्यंत’ हे कधीच खरं वाटत नाही, कारण कुठलीही वेळ एकाच वेळी साडेनऊच्या पुढची आणि दीडच्या अलीकडची नसते. आठ माणसं मशीनवर असताना सेंटर ‘बंद’ दिसलं असतं. म्हणून मध्यरात्र ओलांडणारी शिफ्ट दोन तुकड्यांत लिहायची: २० तारखेला ९:३० ते १२, आणि २१ तारखेला १२ ते १:३०. हा दोष आम्हाला आधीच सापडला, कारण तोवर एक सवय लागली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रोग्रॅमला पुढच्या दोन दिवसांतला प्रत्येक अर्धा तास विचारायचा आणि उत्तरांचा तक्ता कागदावर छापून मुख्य टेक्निशियनला दाखवायचा. मला जे दिसत नाही ते त्याला लगेच दिसतं, कारण तो त्या वेळी तिथे उभा असणार असतो.

प्रोग्रॅममधल्या `Asia/Kolkata` बद्दलही सांगायला हवं. निरोपासोबत येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेवर मोजलेली असते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. ती वेळ भारतीय वेळेत बदलायची राहिली तर रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळातल्या प्रत्येक निरोपावर आदल्या दिवसाची तारीख पडते. १ मेच्या पहाटे दोनला आलेला निरोप मग ३० एप्रिलचा ठरतो आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी त्याला लागू होत नाही. दिवसा सगळं बरोबर चालतं, म्हणून ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. ओळखायची खूण एकच: सुट्टीच्या पहाटे एक चाचणी निरोप स्वतः पाठवून पोचेत कुठला वार येतो ते पाहायचं.

आता चोवीस तासांचा नियम. फोनवरच्या साध्या अ‍ॅपला तो नाही, पण प्रोग्रॅमने चालणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस प्लॅटफॉर्मला आहे. रुग्णाने शेवटचा निरोप पाठवल्यापासून चोवीस तासांपर्यंतच त्याला मोकळ्या शब्दांत उत्तर देता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर पाठवता येतो. शनिवारी रात्री सव्वानऊला कुणी लिहिलं की ‘औषधाच्या डोसबद्दल विचारायचं होतं’, तर सोमवारी सकाळी ९ ला ताईंच्या स्क्रीनवर उत्तराऐवजी 131047 हा एरर येतो. खिडकी रविवारी रात्री सव्वानऊलाच मिटलेली असते. पहिल्या महिन्यात ताईंना वाटायचं उत्तर गेलं, कारण एरर एका बारीक लाल खुणेत लपला होता.

यावर एक उपाय म्हणजे मंजूर मजकूर ठेवणं: ‘तुमचा निरोप वाचला. बोलायचं असल्यास खालचं बटण दाबा.’ रुग्णाने बटण दाबलं की पुढचे चोवीस तास पुन्हा मोकळे होतात. तो आम्ही ठेवला आहे. पण मला तो मनापासून पटत नाही, कारण वयस्कर माणूस आधीच एकदा विचारून बसलेला असतो आणि आता त्याला पुन्हा बटण दाबायला सांगायचं. त्यापेक्षा आम्ही वेळापत्रकच बदललं. सलग चोवीस तास कुणीच निरोप पाहत नाही अशी वेळ वर्षात येऊ द्यायची नाही. रविवारी सकाळी १० ते ११ ताई किंवा त्यांची बदली माणूस घरून रांग रिकामी करते, आणि दिवाळीतही रोज तो एक तास ठेवला जातो. शनिवारी सव्वानऊला लिहिणाऱ्याला तेरा तासांत माणसाचं उत्तर मिळतं. शिवाय रविवारी सकाळी कुणाचं वजन दोन-अडीच किलोने वाढल्याचं त्या रांगेत दिसलं, तर रविवारची ती अवघड रात्र यायच्या आधीच डॉक्टरांना कळतं.

राहिली सकाळची रांग. रात्रीचे निरोप आलेल्या क्रमाने उघडायचे, ही आमची जुनी पद्धत होती. त्यात रात्री नऊला आलेला बिलाचा प्रश्न वर असायचा आणि पहाटे पाचला आलेलं ‘आज ताप आहे, आणू का?’ सगळ्यांत खाली. आता रांग दोनदा वाटली जाते. सकाळी ६:३० ला, मशीन तयार करायला सुरुवात होते तेव्हा, टेक्निशियनच्या टॅबवर फक्त त्या दिवशी ज्यांचा नंबर आहे त्यांचे निरोप येतात, पहिल्या शिफ्टचे आधी. बिल, प्रमाणपत्रं, विम्याचे कागद हे सगळं ९ वाजेपर्यंत तिथेच थांबतं आणि ताईंकडे जातं. हे करताना प्रोग्रॅम निरोपाचा अर्थ लावत नाही. तो फक्त पाठवणाऱ्याचा नंबर रुग्णांच्या यादीशी ताडून पाहतो. त्यामुळे एक अडचण राहतेच: रुग्णाच्या पुण्या-मुंबईच्या मुलाने स्वतःच्या फोनवरून लिहिलं तर त्याचा नंबर यादीत नसतो. असे अनोळखी निरोप आम्ही ६:३० च्याच रांगेत, वेगळ्या रंगात टाकतो. त्यात जाहिराती येतात, चुकून लागलेले नंबर येतात, टेक्निशियनची दोन मिनिटं जातात. पण त्यातच एखादा अमेरिकेतला मुलगाही असतो, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि त्याला आईच्या आवाजावरून काहीतरी बरं वाटलेलं नसतं.

रांग नीट चालली आहे का हे पाहायला मी फार आकडे ठेवत नाही. टॅबच्या कोपऱ्यात एकच आकडा आहे: सध्या रांगेतला सगळ्यांत जुना निरोप किती तासांचा आहे. तो बाराच्या वर गेला की लाल होतो. एकूण किती निरोप आले आणि किती उत्तरं गेली यावरून काही कळत नाही, कारण शंभरातले नव्याण्णव सुटले तरी उरलेला एक कुठल्या घरातला होता ते त्यात दिसत नाही.

आणि तो ‘उद्या’. ‘शिफ्ट बदलायची’ हे बटण दाबल्यावर आता लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘कोणत्या दिवसाची?’, आणि त्याखाली प्रोग्रॅम वार आणि तारीख लिहून दोन बटणं देतो. रात्री बारानंतर पहिलं बटण उजाडणाऱ्या दिवसाचं असतं आणि दुसरं त्यानंतरच्या दिवसाचं. ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द त्यात कुठेही नाहीत.

दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरच्या सोमवारी, त्याच मुलाचा निरोप पुन्हा रात्री बारा वाजून गेल्यावर आला. गाडीचंच कारण. त्याने ‘शिफ्ट बदलायची’ दाबलं, मग ‘सोमवार, १०’ दाबलं. साडेसहाला टेक्निशियनने टॅब उघडला, काकांचं मशीन तयार करायच्या आधीच दुपारच्या शिफ्टच्या एका मावशींना फोन करून ‘सकाळी येता का’ विचारलं. त्या सेंटरपासून दहा मिनिटांवर राहतात. सव्वासातला मावशी मशीनवर होत्या आणि काकांच्या मुलाला ‘दुपारी १२ ला या’ असा निरोप गेला होता.